क्लायंटचं लॉगिन हातात आल्यावर: टॅक्स ऑफिसातल्या इंटर्नसाठी पासवर्ड, लॅपटॉप आणि कागद सांभाळण्याची क्रमवार पद्धत

महिन्याची ११ आणि २० तारीख आली की छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, जालना, कुठल्याही गावातल्या टॅक्स ऑफिसात एकच चित्र दिसतं. जीएसटीआर-१ किंवा ३बी भरायची घाई, पोर्टल हळू, सर फोनवर, आणि नुकताच रुजू झालेला आर्टिकल किंवा बी.कॉम.चा इंटर्न व्हॉट्सअॅपवर क्लायंटचे पासवर्ड शोधतोय. चुका होतात त्या या घाईत. त्या हॅकरच्या करामतीमुळे होत नाहीत. पासवर्ड आणि कागद यांच्या नकला वाटेत जागोजागी सांडतात आणि त्या कुणी उचलत नाही, म्हणून होतात. पुढचा सगळा क्रम या नकला कमी ठेवण्याचा आहे. पायऱ्या याच क्रमाने करा. लॅपटॉप नीट नसताना त्यावर पासवर्ड साठवणं म्हणजे कडी न लावता तिजोरी घेणं.

## १. अॅक्सेस घेण्याआधी विचारून घ्यायचं

पहिल्या दिवशी सर किंवा सीनियर म्हणतात, "ही एक्सेल शीट घे, सगळ्या क्लायंटचे युजर आयडी-पासवर्ड यात आहेत." इथेच थांबा. अख्खी शीट घेऊ नका. तुमच्याकडे जेवढे क्लायंट आहेत तेवढ्याच ओळी मागा. बारा क्लायंटचं काम करणाऱ्याकडे दीडशे जणांचे पासवर्ड असण्याचं काही कारण नाही. उद्या काही गळालं तर जबाबदारीही दीडशे जणांची येते.

मग दोन प्रश्न विचारा. काम ऑफिसच्या लॅपटॉपवर करायचं की स्वतःच्या? आणि काही गडबड झाली तर रात्री फोन कुणाला करायचा? दुसरा प्रश्न आगाऊपणाचा वाटला तरी विचारा. नंबर वहीत लिहून ठेवा, फक्त मोबाइलमध्ये नको. मोबाइलच हरवला तर तो नंबर सापडणार कुठे?

तपासा: तुमच्याकडे नक्की कोणत्या क्लायंटची कोणती लॉगिनं आहेत, याची यादी एका कागदावर आहे का? त्यात पासवर्ड लिहायचे नाहीत, फक्त नावं. ही यादी शेवटच्या दिवशी लागेल.

## २. लॅपटॉप: लॉगिनचा पासवर्ड पुरेसा नाही

स्वतःचा लॅपटॉप वापरत असाल तर आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, विंडोज कोणती आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेकंडहँड मशीनवर आजही तीच असते. त्या मशीनला सुरक्षेचे अपडेट येत असल्याची खात्री नसेल, तर त्यावर क्लायंटचं काम नको, असं सरांना स्पष्ट सांगा.

दुसरी, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. "अॅक्टिव्हेटर" चालवून फुकट केलेली विंडोज, ऑफिस किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. अॅक्टिव्हेटर चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, ते कशासाठी याचा विचार करा. अशा फाइलींबरोबर ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड उचलून नेणारे प्रोग्रॅम येतात. ते चालू लॉगिनच्या खुणाही नेतात, त्यामुळे नंतर पासवर्ड बदलला तरी चोर आतच राहू शकतो. असं मशीन असेल तर डेटा बाजूला काढून विंडोज नव्याने टाकून घ्या. नुसतं अँटिव्हायरसचं स्कॅन करून समाधान मानू नका.

तिसरी गोष्ट सर्वात जास्त राहून जाते, ती म्हणजे डिस्कचं एन्क्रिप्शन. विंडोजला पासवर्ड असला तरी लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळ्या फाइली वाचता येतात. एन्क्रिप्शन चालू असेल तर येत नाहीत. स्टार्ट मेनूत `cmd` टाइप करून त्यावर राइट क्लिक करा, `Run as administrator` निवडा आणि हे टाका:

```
manage-bde -status C:
```

उत्तरात दोन ओळी बघायच्या. `Percentage Encrypted` समोर १०० टक्के हवेत आणि `Protection Status` समोर `Protection On` हवं. गोम इथेच आहे. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा पहिल्या ओळीत १०० टक्के दिसतात आणि दुसरीत `Protection Off`. म्हणजे डिस्क कुलूपबंद आहे, पण किल्ली त्याच डिस्कवर उघडी पडली आहे. विंडोज होमवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय लोकल अकाउंट वापरलं की हे होतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करा, मग सेटिंग्जमध्ये `Privacy & security` खाली `Device encryption` चालू आहे का ते बघा, आणि तीच कमांड पुन्हा चालवा.

सावधान: एन्क्रिप्शन चालू झालं की ४८ आकडी रिकव्हरी की तयार होते. विंडोज बिघडली किंवा मदरबोर्ड बदलला की तीच मागितली जाते, आणि ती नसेल तर डेटा गेला. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती आहे का ते दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून उघडून बघा. एक प्रत कागदावर घरी ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

कॉट बेसिसवर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. खोलीत चार जण असतात आणि "भावा, जरा फॉर्म भरायचाय, लॅपटॉप दे" हे रोजचं असतं. नाही म्हणणं जड जातं हे खरं. त्यांच्यासाठी वेगळं `Standard` युजर अकाउंट करून ठेवा. तुमच्या अकाउंटमध्ये कुणाला बसवू नका. जागेवरून उठताना `Windows + L`, चहाला गेलात तरी आणि वीज गेली म्हणून गॅलरीत गेलात तरी.

## ३. पासवर्ड ठेवायचे कुठे

आधी कुठे ठेवायचे नाहीत ते पाहू. क्रोममध्ये क्लायंटच्या पोर्टलवर लॉगिन केलं की "पासवर्ड सेव्ह करू का?" असं विचारलं जातं आणि बोट आपोआप हो वर जातं. क्रोममध्ये तुमचं खाजगी जीमेल साइन इन असेल, तर तो पासवर्ड तुमच्या गूगल अकाउंटमध्ये जाऊ शकतो. तिथून तुमच्या मोबाइलवर, आणि घरी धाकट्या भावाच्या टॅबवर तेच जीमेल असेल तर तिथेही. इंटर्नशिप संपून वर्ष झालं तरी तो तिथेच असतो.

`chrome://password-manager/passwords` उघडा. तिथे जीएसटी, आयकर, ई-वे बिल, ट्रेसेस यांपैकी काही दिसलं तर काढून टाका. त्याच पानाच्या सेटिंग्जमध्ये सेव्ह करायचा प्रश्नही बंद करा. ऑफिसच्या कामासाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करा आणि त्यात खाजगी जीमेल घालू नका.

एक्सेलबद्दलचा गैरसमजही मोठा आहे. "शीटला पासवर्ड लावलाय ना" असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा `Protect Sheet` लावलेलं असतं. त्याने फक्त सेलमध्ये बदल करता येत नाही. वाचायला फाइल उघडीच राहते आणि ते संरक्षण काढणंही फार अवघड नसतं. फाइल खरोखर बंद करायची तर `File`, `Info`, `Protect Workbook`, `Encrypt with Password` हा मार्ग आहे. उघडतानाच पासवर्ड मागितला तर ती एन्क्रिप्ट झाली.

यापेक्षा बरं म्हणजे पासवर्ड मॅनेजर. ऑफिसने काही दिलं असेल तर तेच वापरा. नसेल तर सरांना विचारून कीपासएक्ससी घ्या. ते मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालतं, आणि सगळे पासवर्ड एका एन्क्रिप्टेड `.kdbx` फाइलमध्ये राहतात. कॉपी केलेला पासवर्ड काही सेकंदांत क्लिपबोर्डवरून आपोआप पुसला जातो, हा त्याचा मोठा फायदा. त्याचा मुख्य पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच शब्दांचा करा. मराठी शब्द रोमनमध्ये लिहिले तरी चालतील. गाव, देव, मुलीचं नाव आणि जन्मसाल नको.

क्लायंटचा पासवर्ड बदलायची वेळ आली की पोर्टलची मर्यादा लक्षात ठेवा. जीएसटी पोर्टलवर तो ८ ते १५ अक्षरांचा असतो. तिथे लांब वाक्य बसत नाही, म्हणून मॅनेजरकडूनच १५ अक्षरांचा, कशाशीही संबंध नसलेला तयार करून घ्या. दुकानाचं नाव आणि पुढे `@123` हा नमुना इतका वापरला गेलाय की तो ओळखायला कुणाला फार डोकं लागत नाही. बदलल्यावर त्याच दिवशी ऑफिसच्या मूळ नोंदीतही बदला, नाहीतर २० तारखेला सीनियर तीन वेळा चुकीचा टाकून अकाउंट लॉक करतील.

## ४. लॉगिन आणि ओटीपी

शक्य असेल तिथे क्लायंटचं मुख्य लॉगिन वापरूच नका. ई-वे बिल पोर्टलवर यासाठी सोय आहे. मुख्य लॉगिनमधून `User Management` मध्ये सब-युजर तयार करता येतो. त्याला तुमचा मोबाइल नंबर जोडला जातो आणि नेमकी कोणती कामं करता येतील तेही निवडता येतं. टू-फॅक्टरचा ओटीपी मग सब-युजरच्या नंबरवर येतो, शेठला दर बिलाला उठवावं लागत नाही. काम संपलं की तोच सब-युजर गोठवता येतो. बिल कुणी काढलं हेही नंतर कळतं. ज्याच्याकडे मुख्य लॉगिन आहे तो त्या जीएसटी नंबरवर खोटी ई-वे बिलं काढू शकतो, आणि नोटीस येते ती शेठला. म्हणून ही दहा मिनिटांची मेहनत करा.

जीएसटीच्या रिटर्न पोर्टलवर मात्र बहुतेक ऑफिसं क्लायंटचंच लॉगिन वापरतात. कंपनी किंवा एलएलपी नसेल तर रिटर्न ओटीपीने भरता येतं, आणि तो ओटीपी अधिकृत सही करणाऱ्याच्या नंबरवर जातो. हा ओटीपी म्हणजे त्याची सही आहे. सही घेताना कागदावर काय आहे ते सांगायला नको का?

वाळूज एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेठचं ३बी आहे असं धरा. नेहमीचा प्रकार असा: इंटर्न स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावतो, "शेठ, सीए ऑफिसमधून बोलतोय, ओटीपी आला असेल, सांगा." शेठ सांगतात. असं दर महिन्याला, दर वेळी वेगळ्या पोरासाठी. यात शेठना एक सवय लागते: अनोळखी नंबरवरून कुणीही "सीए ऑफिसमधून" म्हटलं की आकडे वाचून दाखवायचे. पुढे कधी भामट्याने हेच वाक्य म्हटलं तर शेठना फरक कळणार कसा?

त्याऐवजी हा क्रम ठेवा:

१. रिटर्न पूर्ण तयार करा. ड्राफ्ट पाठवा, भरायच्या कराचा आकडा शेठना कळवा.
२. ऑफिसच्या ठरलेल्या नंबरवरूनच फोन करा. "शेठ, जुलैचं ३बी आहे, सकाळी पाठवलेल्या आकड्याचंच. आता ओटीपी मागवतो."
३. फोन चालू असतानाच ओटीपी मागवा.
४. "आधी मेसेजमध्ये काय लिहिलंय ते वाचा, आकडे नंतर." मेसेज रिटर्न भरण्याचाच असेल तर आकडे घ्या. पासवर्ड बदलण्याचा, नंबर बदलण्याचा किंवा बँकेचा असेल तर थांबा, आकडे घेऊ नका आणि सरांना सांगा.
५. ओटीपी कुठेही लिहू नका, व्हॉट्सअॅपवर मागू नका. भरल्यावर पावती पाठवा.

चौथी पायरी वाढीव वाटते, पण शेठना मेसेज वाचायची सवय तिनेच लागते.

सावधान: "शेठ फोन उचलत नाहीत, तुझाच नंबर टाक पोर्टलवर" असं कधीतरी ऐकू येईल. सोय म्हणून हे बऱ्याच ठिकाणी चालतं. करू नका. तुम्ही ऑफिस सोडल्यावरही त्या धंद्याचे ओटीपी तुमच्याकडे येत राहतील, आणि काही वाकडं घडलं तर पहिला प्रश्न त्या नंबरच्या मालकाला विचारला जाईल. "सर, शेठचाच नंबर राहू द्या, मी आदल्या दिवशी त्यांची वेळ ठरवून घेतो," एवढं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही तसं काही केलं नसलं तरी तुमचा नंबर तिथे असणं त्रासदायकच ठरतं.

डिजिटल सहीचं यूएसबी टोकन तुमच्या ताब्यात दिलं तर पिन त्याच्यावर चिकटपट्टीने लावलेला आहे का ते आधी बघा. लावलेला असतोच, काढून टाका. टोकन कामापुरतं लावा, मग सरांच्या कपाटात. खिशात घालून घरी नेऊ नका.

## ५. एका फोटोचा प्रवास

त्याच शेठनी पॅन कार्डाचा आणि कॅन्सल चेकचा फोटो तुमच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला. आता मोजा. फोटो चॅटमध्ये आहे. मोबाइलच्या गॅलरीत उतरला. त्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल तर गूगल फोटोजमध्ये गेला. लॅपटॉपवर घेतला तर `Downloads` मध्ये आला. तिथून क्लायंटच्या फोल्डरमध्ये कॉपी झाला. ऑफिसचा प्रिंटर बिघडला म्हणून खाली झेरॉक्सवाल्या दादांच्या नंबरवर पाठवला, तर त्यांच्या चॅटमध्ये आणि कॉम्प्युटरवरही राहिला. काम एकाच प्रतीचं होतं.

पॅन कार्डावर पॅन आणि जन्मतारीख दोन्ही असतात. आयकर पोर्टलवरून उतरवलेल्या एआयएसच्या, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांच्या माहितीपत्रकाच्या, पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख. म्हणजे एआयएस आणि पॅनचा फोटो एका फोल्डरमध्ये असतील तर एआयएसचं कुलूप नावापुरतं. ई-आधारचंही तेच: नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल. "पीडीएफला पासवर्ड आहे" या भरवशावर अशा फाइली कुणालाही पाठवू नका.

यासाठी करायचं ते असं. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये `Media visibility` बंद करा म्हणजे नवे फोटो गॅलरीत दिसणार नाहीत. क्लायंटला ऑफिसच्या ईमेलवर किंवा ऑफिसच्या नंबरवर पाठवायला सांगा. तरी तुमच्याकडेच आलं तर ऑफिसच्या फोल्डरमध्ये हलवा, चॅटमधून, गॅलरीतून आणि `Downloads` मधून काढा, रिसायकल बिन रिकामा करा. आधारची प्रत लागणार असेल तर मास्क्ड आधार चालतंय का ते विचारा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

प्रिंट बाहेर काढावीच लागली तर समोर उभं राहा, प्रिंट निघाली की दादांना त्यांच्या चॅटमधून आणि डाउनलोडमधून फाइल काढायला सांगा. तुमच्या बाजूने `Delete for everyone` केलं तरी त्यांनी उतरवून घेतलेली प्रत जात नाही. दादा भला माणूस आहे यात शंका नाही, पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभर कोण कोण बसतं ते त्यालाही आठवत नसेल.

पेनड्राइव्हवर डेटा न्यायचाच असेल तर सेव्हन-झिपने `7z` फाइल करा, पासवर्ड द्या आणि `Encrypt file names` वर खूण करा, नाहीतर फाइलींची नावं तशीच दिसतात. पासवर्ड वेगळ्या मार्गाने, म्हणजे फोनवर सांगा.

तपासा: दर शनिवारी निघण्याआधी `Downloads` उघडा आणि व्हॉट्सअॅपमधली `Linked devices` ची यादी बघा. ओळखीचं नसलेलं किंवा कामापुरतं जोडलेलं मशीन दिसलं की लॉग आउट.

## ६. लॅपटॉप बसमध्ये राहिला किंवा लॉगिन गळालं तर

संभाजीनगरहून लातूरच्या एसटीत बॅग वरच्या रॅकवर टाकून झोपलेला इंटर्न काही दुर्मिळ नाही. बॅग पायाशी ठेवा. तरी गेलीच, तर क्रम असा.

सर्वात आधी सरांना फोन. सापडेल या आशेवर रात्र काढू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनांची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यायची असते. आपली घटना त्यात बसते का हे सर ठरवतील, पण तुम्ही सकाळपर्यंत गप्प बसलात तर त्यांच्या हातात ठरवायला वेळच उरत नाही. सांगताना चार गोष्टी सांगा: काय गेलं, कधी, त्यावर कोणत्या क्लायंटचं काय होतं, एन्क्रिप्शन चालू होतं का. पहिल्या पायरीतली कागदी यादी इथे कामाला येते.

मग दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून ऑफिसच्या ईमेलचा पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. ईमेल पहिलं का, तर बाकी पोर्टलचे पासवर्ड बदलायच्या लिंक आणि ओटीपी तिथेच येतात. त्यानंतर यादीतली क्लायंटची लॉगिनं. टोकन बॅगेत असेल तर सही रद्द करायला सांगा. मग बस ज्या ठाण्याच्या हद्दीत होती तिथे किंवा जवळच्या ठाण्यात तक्रार. मोबाइल गेला असेल तर संचार साथी पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो, त्याला तक्रारीची प्रत लागते. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र बाकी सगळं बाजूला ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात.

सावधान: संशयास्पद लिंकवर क्लिक झालं तर पुरावा म्हणून स्क्रीनशॉट घ्या, नेट बंद करा, आणि मशीन फॉरमॅट करू नका. घाबरून फॉरमॅट केलं की काय काय गेलं हे कधीच कळत नाही.

## ७. शेवटच्या दिवशी

कागदी यादी घेऊन सीनियरसमोर बसा. ज्यांचं लॉगिन तुम्हाला दिलं होतं ते सगळे पासवर्ड त्यांनी तुमच्यासमोर बदलावेत, पण नवा पासवर्ड तुम्ही बघू नका. ई-वे बिलचा सब-युजर गोठवून घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडा, क्लायंटच्या चॅट काढा, मोबाइलचा बॅकअप पुन्हा घ्या म्हणजे जुना बदलला जाईल. `.kdbx` फाइल ऑफिसला देऊन तुमच्याकडची पुसा. प्रोजेक्ट रिपोर्टसाठी नमुना हवा असेल तर नाव, पॅन, जीएसटी नंबर आणि खाते क्रमांक बदलून घ्या. नुसती काळी पट्टी ओढलेल्या पीडीएफमधून खालचा मजकूर कॉपी होऊ शकतो, म्हणून आकडे मुळातच बदला. हे सगळं झाल्याचा दोन ओळींचा ईमेल सरांना पाठवा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.